पगारातून दरमहा किती कर कापला जाईल? वहीत मांडून पाहू या

आज वही आणि पेन घेऊन बसा, कारण आज आपल्याला थोडं गणित करायचं आहे. गणित अवघड नाही. बेरीज, वजाबाकी, टक्केवारी आणि शेवटी एक भागाकार, एवढंच आहे.

गटातून मोठं कर्ज घ्यायचं ठरलं की आम्ही अर्ज भरताना विचारतो, “घरात दरमहा पगाराचे किती येतात?” कुणी सांगतं, “सूनबाई हायस्कूलात आहे, तिला एक लाख वीस हजार आहेत.” हा आकडा बरोबर असतो, पण तो पगारपत्रकावरच्या वरच्या ओळीतला असतो. खात्यावर येणारा आकडा त्याहून कमी असतो. मधे फंड कापला जातो, व्यवसाय कर कापला जातो आणि आयकरही कापला जातो. पहिल्या दोन कपाती साधारण ठरलेल्या असतात. व्यवसाय कर तर वर्षाला २,५०० रुपयेच असतो, म्हणजे अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००. गोंधळ होतो तो आयकराचा. काही महिने तो अजिबात कापला जात नाही, आणि मग फेब्रुवारीत अचानक पगार अर्ध्यावर आल्यासारखा दिसतो. गोठ्याच्या कर्जाचा हप्ता जर त्या पगाराच्या भरवशावर ठरवला असेल, तर तो त्याच महिन्यात अडकतो. म्हणून हप्ता ठरवण्याआधीच ही कपात किती असेल, याचा अंदाज आपण घरी काढू या.

पगार देणाऱ्यानेच कर कापून सरकारजमा करायचा, याला टीडीएस म्हणतात. पगाराच्या बाबतीत इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आयकर हा महिन्याच्या पगारावर नसतो, तो सबंध वर्षाच्या उत्पन्नावर असतो. एप्रिल ते मार्च असं ते वर्ष. कार्यालयातला हिशेबनीस वर्षाच्या सुरुवातीला अंदाज करतो की या बाईंना वर्षभरात एकूण किती पगार मिळेल. त्यावर वर्षाचा कर काढतो आणि तो बारा महिन्यांत वाटून दरमहा कापतो. आपल्यालाही त्याच वाटेनं जायचं आहे.

आज आपण २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे नव्या करपद्धतीचे दर घेऊ. आपण काहीच कळवलं नाही, तर कार्यालय हीच नवी पद्धत धरतं.

उत्पन्नाचे हंडे

नव्या पद्धतीत उत्पन्नाचे चार-चार लाखांचे टप्पे केलेले आहेत. यांनाच स्लॅब म्हणतात. वहीत लिहून घ्या.

पहिले ४ लाख : कर नाही
४ ते ८ लाख : ५ टक्के
८ ते १२ लाख : १० टक्के
१२ ते १६ लाख : १५ टक्के
१६ ते २० लाख : २० टक्के
२० ते २४ लाख : २५ टक्के
२४ लाखांच्या वर : ३० टक्के

आता समजा, ओट्यावर हंडे ओळीने मांडले आहेत आणि प्रत्येकात चार लाख मावतात. उत्पन्न आपण पहिल्या हंड्यात ओतायला लागतो. तो भरला की दुसऱ्यात, दुसरा भरला की तिसऱ्यात. ज्या हंड्यात जेवढे पैसे पडले, तेवढ्यावरच त्या हंड्याचा दर लागतो. चौथ्या हंड्यात थोडे पैसे पडले म्हणून आधीच्या तीन हंड्यांना १५ टक्के लागत नाहीत. “पगार वाढला आणि वरच्या स्लॅबमध्ये गेलो, आता सगळ्यावर जास्त कर,” असं आपण पुष्कळदा ऐकतो, ते बरोबर नाही.

सूनबाईंचा हिशेब

समजा, सूनबाईंचा एकूण पगार महिना १,२०,००० रुपये आहे.

पहिली पायरी, वर्षाचा पगार. १,२०,००० गुणिले १२ म्हणजे १४,४०,००० रुपये. इथे खात्यावर जमा होणारी रक्कम घ्यायची नाही. पगारपत्रकावर कपातीच्या आधीचा जो एकूण पगार असतो, तो घ्यायचा. फंडात जाणारे स्वतःचे पैसे नव्या पद्धतीत उत्पन्नातून वजा होत नाहीत. व्यवसाय करही वजा होत नाही. हातात आलेल्या रकमेवरून हिशेब सुरू केला, तर कराचा अंदाज हमखास कमी येतो.

दुसरी पायरी, प्रमाणित वजावट. नोकरदाराला नव्या पद्धतीत वर्षाला ७५,००० रुपये सरसकट वजा मिळतात. त्यासाठी कुठली पावती द्यावी लागत नाही. १४,४०,००० मधून ७५,००० गेले, उरले १३,६५,०००. याला करपात्र उत्पन्न म्हणतात. हंड्यांत ओतायचे ते हेच पैसे.

तिसरी पायरी, टप्प्यांवरचा कर. पहिल्या हंड्यात ४ लाख पडले, कर शून्य. दुसऱ्यात ४ लाख, त्याचे ५ टक्के म्हणजे २०,०००. तिसऱ्यात ४ लाख, त्याचे १० टक्के म्हणजे ४०,०००. एकूण १२ लाख ओतून झाले. आता १,६५,००० उरले, ते चौथ्या हंड्यात. त्याचे १५ टक्के म्हणजे २४,७५०. सगळी बेरीज ८४,७५० रुपये.

चौथी पायरी, उपकर. जो कर निघाला त्यावर आरोग्य आणि शिक्षण उपकर ४ टक्के लागतो. हे चार टक्के उत्पन्नावर नाहीत, करावर आहेत. ८४,७५० चे ४ टक्के ३,३९०. दोन्ही मिळून वर्षाचा कर ८८,१४० रुपये.

पाचवी पायरी, भागाकार. ८८,१४० भागिले १२ म्हणजे ७,३४५ रुपये. एप्रिलपासून सरळ कपात होत गेली, तर सूनबाईंच्या पगारातून दरमहा एवढा आयकर कापला जाईल. पगारपत्रकावर ‘आयकर’ किंवा ‘टीडीएस’ या ओळीत याच्या आसपासचा आकडा दिसला की समजायचं, हिशेब जुळला. दहा-वीस रुपयांचा फरक असेल तर तो पूर्णांक करण्याचा असतो, त्याची काळजी नको. पण ती ओळ रिकामी असेल, किंवा आकडा दोन-तीन हजारच असेल, तर पुढे काहीतरी साठत चाललंय हे ओळखायचं.

साठलेला कर शेवटी येतो

समजा, कार्यालयानं एप्रिल ते डिसेंबर काहीच कापलं नाही आणि जानेवारीत हिशेब केला. वर्षाचा कर तोच, ८८,१४०. पण आता महिने उरले तीन. ८८,१४० भागिले ३ म्हणजे दरमहा २९,३८०. नऊ महिने पगार जास्त वाटत होता, तो खरा जास्त नव्हता, पुढे द्यायचे पैसे आपल्या खात्यात पडून होते. ते खर्च झाले असतील, तर जानेवारी ते मार्च घर ओढाताणीत जातं.

म्हणून वर्षाच्या मधे केव्हाही अंदाज काढायचा असेल, तर बाराने भागायचं नाही. वर्षाचा कर काढायचा, आतापर्यंत कापलेला कर त्यातून वजा करायचा आणि जे उरलं ते राहिलेल्या महिन्यांनी भागायचं. हा एकच नियम ध्यानात राहिला, तरी आजचं बसणं कारणी लागलं असं आम्ही म्हणू.

पगारवाढीलाही हाच नियम लागतो. समजा, सूनबाईंचा पगार ऑक्टोबरपासून ५,००० रुपयांनी वाढला. मार्चपर्यंत सहा महिने, म्हणजे वर्षाचं उत्पन्न ३०,००० नं वाढलं. करपात्र उत्पन्न झालं १३,९५,०००. वाढलेले ३०,००० सगळे चौथ्याच हंड्यात पडले, म्हणून त्यावर १५ टक्के, ४,५०० रुपये, आणि उपकर १८०. वर्षाचा कर ८८,१४० वरून ९२,८२० वर गेला. सप्टेंबरपर्यंत सहा महिन्यांत ७,३४५ प्रमाणे ४४,०७० कापले गेले आहेत. उरले ४८,७५०. ते सहा महिन्यांत वाटले की दरमहा ८,१२५ रुपये. म्हणजे पगार ५,००० नं वाढला आणि आयकर ७८० नं वाढला. फंडाची कपात वाढली असेल तर ती वेगळी. हप्ता वाढवायचा विचार असेल, तर तो ५,००० वर न धरता हातात खरंच जेवढे वाढले तेवढ्यावर धरायचा.

महागाई भत्त्याचा फरक एकरकमी मिळाला की त्याही महिन्यात असंच होतं. मिळालेली रक्कम वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते आणि तिचा कर उरलेल्या महिन्यांत कापला जातो. मागच्या वर्षांची थकबाकी एकदम मिळाली, तर आयकरात तिच्यासाठी वेगळी सवलत आहे. तेव्हा कार्यालयात त्याबद्दल अवश्य विचारावं.

बारा लाखांची रेघ

“बारा लाखांपर्यंत कर नाही” हे तुम्ही ऐकलं असेल. मग वर दुसऱ्या आणि तिसऱ्या हंड्यावर आपण ६०,००० कर का काढला? तर तो कर टप्प्यांप्रमाणे निघतोच. पण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंतच असेल, तर ६०,००० पर्यंतचा कर सरकार माफ करतं. नोकरदाराला ७५,००० ची वजावट मिळते, म्हणून वर्षाचा पगार १२,७५,००० पर्यंत असला, म्हणजे महिना १,०६,२५० पर्यंत, आणि दुसरं उत्पन्न नसलं, तर पगारातून आयकर कापायचं कारण उरत नाही. ही माफी सगळ्यांना मिळत नाही. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या वर गेलं की माफी जाते आणि खालच्या हंड्यांचा करही द्यावा लागतो. सूनबाईंचं तसंच झालं.

मग कुणाचं उत्पन्न रेघेच्या जरासंच वर गेलं तर? समजा, गटातल्या दुसऱ्या ताईंचा मुलगा कारखान्यात आहे आणि त्याला महिना १,०७,००० मिळतात. वर्षाचे १२,८४,०००. वजावट जाऊन १२,०९,०००. टप्प्यांप्रमाणे कर ६१,३५० येतो. म्हणजे रेघेच्या वर फक्त ९,००० मिळवले आणि कर ६१,३५०! असं होऊ नये म्हणून कायद्यात तरतूद आहे, तिला मार्जिनल रिलीफ म्हणतात. १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न आहे, त्याहून कर जास्त घ्यायचा नाही. म्हणून त्याचा कर ९,००० आणि उपकर ३६०, मिळून ९,३६०. महिन्याला ७८० रुपये. त्याच्या पगारपत्रकावर महिना पाच-सव्वापाच हजार कापलेले दिसले, तर ही सवलत धरायची राहून गेली आहे असं समजावं आणि लेखा विभागात विचारावं.

ही सवलत करपात्र उत्पन्न साधारण १२ लाख ७० हजारांवर पोचेपर्यंत कामाला येते. त्या पट्ट्यात मात्र वाढलेला सगळाच पगार करात जातो. एवढ्या लहानशा पट्ट्यापुरतं “वाढ मिळाली पण हातात काही आलं नाही” हे म्हणणं खरं असतं.

नोकरी बदलली तर

आमच्या पाहण्यात सर्वांत जास्त फसगत इथे होते, कारण इथे कुणीच चूक करत नाही आणि तरी कर राहून जातो. समजा, लेकीनं एप्रिल ते सप्टेंबर एका ठिकाणी महिना १ लाखावर काम केलं. त्या कंपनीनं वर्षाचे १२ लाख धरले, ७५,००० वजा केले, करपात्र ११,२५,०००. कर माफ, म्हणून कपात नाही. ऑक्टोबरपासून ती दुसरीकडे १,२०,००० वर लागली. या कंपनीला फक्त सहाच महिने दिसतात, ७,२०,००० रुपये. त्यातून ७५,००० वजा, करपात्र ६,४५,०००. इथेही माफ. लेकीला बारा महिने पूर्ण पगार हातात मिळाला.

आता दोन्ही एकत्र मांडा. ६,००,००० अधिक ७,२०,००० म्हणजे १३,२०,०००. वजावट वर्षाला एकदाच मिळते, दोन्ही कंपन्यांनी वेगवेगळी धरली होती. म्हणून करपात्र उत्पन्न १२,४५,०००. टप्प्यांप्रमाणे कर ६६,७५० येतो, मार्जिनल रिलीफ लागून तो ४५,००० होतो, उपकर १,८००. मिळून ४६,८०० रुपये. हे विवरणपत्र भरायच्या वेळी एकदम समोर येतात, वर व्याजही लागू शकतं. यावर उपाय साधा आहे. नव्या ठिकाणी रुजू होताना आधीच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील द्यायचा. त्यासाठी १२ बी नावाचा फॉर्म असतो. तो दिला असता तर ४६,८०० भागिले ६, म्हणजे दरमहा ७,८०० कापले गेले असते आणि हप्ता त्याच अंदाजानं ठरवता आला असता.

हा अंदाज कुठे चुकू शकतो

आपण काढलेला आकडा फक्त पगाराचा आहे. बँकेतल्या ठेवींचं व्याज किंवा घरभाडं असेल तर तेही उत्पन्नात धरलं जातं. ते कार्यालयाला कळवलं तर त्याचाही कर पगारातूनच कापून घेता येतो, नाहीतर नंतर भरावा लागतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, पण पगारही करपात्र असेल आणि शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० च्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना ते मोजणीत येतं. त्यामुळे विवरणपत्रात कर थोडा जास्त निघू शकतो.

जुनी करपद्धत निवडली असेल, तर आजचे टप्पे चालणार नाहीत. तिच्यात दर वेगळे आहेत, प्रमाणित वजावट ५०,००० आहे, आणि विमा, फंड, घरकर्जाचं व्याज यांच्या वजावटी मिळतात. त्यात एक धोका आहे. एप्रिलमध्ये “दीड लाख गुंतवणार” असं लिहून दिलं, त्याप्रमाणे कर कमी कापला गेला, आणि जानेवारीच्या सुमारास पावत्या मागितल्या तेव्हा त्या नव्हत्या, की फरक उरलेल्या दोन-तीन पगारांतून वसूल होतो. हिशेबाच्या पायऱ्या मात्र दोन्ही पद्धतींत त्याच आहेत.

कापलेला कर खरोखर सरकारजमा झाला का, हेही पाहता येतं. आयकराच्या संकेतस्थळावर पॅन क्रमांकानं प्रवेश केला की २६ एएस या उताऱ्यात कापलेली रक्कम दिसते. पगारपत्रकावर कपात आहे आणि उताऱ्यात नाही, असं दिसलं तर लगेच कार्यालयाला लेखी विचारावं. वर्ष संपल्यावर १५ जूनपर्यंत फॉर्म १६ मिळायला हवा. त्यात वर्षाचा सगळा हिशेब असतो, आपल्या वहीतला आकडा त्याच्याशी ताडून पाहावा.

पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरात पगारदार माणूस आहे त्यांनी गेल्या महिन्याचं पगारपत्रक सोबत आणावं. त्यावर एकूण पगार, एप्रिलपासून कापलेला कर आणि उरलेले महिने या तीन गोष्टी शोधू आणि कर्जाच्या अर्जात हप्त्याचा आकडा त्यावरूनच भरू. दर वर्षी अर्थसंकल्पात टप्पे बदलले की वहीतलं ते पान तेवढं बदलायचं.